वेग-काल आलेखावरून त्वरणाचा आणि स्थानाचा आलेख कसा काढायचा: एका फील्डरच्या धावेवरून

नागपुरात दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकून अकरावी सायन्सला आलेली मुलं माझ्याकडे फिजिक्स शिकायला येतात, तेव्हा गतीची तिन्ही समीकरणं त्यांना तोंडपाठ असतात. पण समोर वेग-काल आलेख ठेवून “यावरून त्वरण-काल आणि स्थान-काल आलेख काढा” म्हटलं, की पेन्सिल जागच्या जागी थांबते. नववीत आपण आलेखावरून समीकरणं सिद्ध केलेली असतात. तिथे रेषा एकच असते आणि त्वरणही एकच. इथे मात्र चढ मध्येच बदलतो, पुन्हा बदलतो, शेवटी तर सरळ रेषा सोडून वक्र येतो. मग ती समीकरणं अख्ख्या प्रवासाला एकदम लावता येत नाहीत.

हे जमण्यासाठी नवं गणित लागत नाही. दोनच गोष्टी वाचता आल्या पाहिजेत. आलेखाचा चढ म्हणजे त्वरण, आणि आलेख व काळाचा अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ म्हणजे स्थानातला बदल. गोंधळ होतो तो या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे. म्हणून खाली एकच उदाहरण पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत सोडवलं आहे. वाचताना सोबत कागदावर काढत चला, नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

काय काय लागेल

- ग्राफ पेपर, १ सेंटिमीटरचे मोठे आणि १ मिलिमीटरचे बारीक चौकोन असलेला. बर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात सुटे कागद मिळतात.
- पारदर्शक पट्टी. लाकडी किंवा स्टीलची नको. स्पर्शिका काढताना पट्टीखालचा वक्र दिसायला हवा.
- टोकदार पेन्सिल आणि खोडरबर. पेनाने काढायला बसू नका.
- कच्च्या आकडेमोडीसाठी वेगळा कागद.

१. आधी उदाहरण नीट समजून घ्या

रेशीमबाग मैदानावर संध्याकाळी क्रिकेट चाललं आहे. चेंडू फील्डरच्या समोरून सीमारेषेकडे निघतो. फील्डर त्याच्यामागे सरळ रेषेत धावतो, चेंडू उचलतो, वळून थोडा मागे येतो आणि थांबतो. सीमारेषेकडची दिशा धन मानू, मैदानाच्या मध्याकडची ऋण. तो जिथून निघाला ते स्थान शून्य.

त्याचा वेग-काल आलेख असा आहे:

- ० ते २ सेकंद: वेग ० पासून ४ मी/से पर्यंत सरळ रेषेत वाढतो.
- २ ते ५ सेकंद: वेग ४ मी/से वर कायम, आडवी रेषा.
- ५ ते ८ सेकंद: वेग ४ पासून −२ मी/से पर्यंत सरळ रेषेत उतरतो. वाटेत ७ व्या सेकंदाला अक्ष ओलांडतो.
- ८ ते १२ सेकंद: वेग −२ पासून ० पर्यंत येतो, पण वक्राने. सुरुवातीला वक्र झपाट्याने वर चढतो, मग मंदावत जातो आणि १२ व्या सेकंदाला अक्षाला अलगद टेकतो.

शेवटचा वक्र काढण्यासाठी हे बिंदू घ्या: ९ सेकंदांना −१.१२५, १० ला −०.५, ११ ला −०.१२५. दोन्ही टोकं वर दिलीच आहेत. हे बिंदू हाताने गुळगुळीत जोडा.

२. तीन आलेख एकाखाली एक मांडा

ही पायरी मुलं वाचतात आणि सोडून देतात, म्हणून तिच्यावर जरा जोर देतो. तीन आलेख तीन वेगळ्या पानांवर काढू नका. एकाच कागदावर वर वेग, मध्ये त्वरण, खाली स्थान असे काढा. तिन्हींचा काळाचा अक्ष सारखा ठेवा: १ सेंटिमीटर म्हणजे १ सेकंद. वेगासाठी १ सेंटिमीटरला १ मी/से, त्वरणासाठी १ सेंटिमीटरला १ मी/से², आणि स्थानासाठी १ सेंटिमीटरला ४ मीटर घेतलं की तिन्ही आलेख एका पानावर आरामात बसतात.

मग वरच्या आलेखात जिथे जिथे काही घडतं तिथून खालपर्यंत फिकट तुटक उभ्या रेषा सोडा. आपल्या उदाहरणात त्या २, ५, ७, ८ आणि १२ सेकंदांवर येतील. यातला ७ चटकन ध्यानात येत नाही, कारण तिथे रेषेला कोपरा नाही, ती सरळच जाते. पण तिथे वेगाचं चिन्ह बदलतं, आणि स्थानाच्या आलेखासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे. कोपरे आणि अक्ष ओलांडण्याच्या जागा, दोन्हींवर उभी रेषा हवी.

३. सरळ तुकड्यांचं त्वरण: फक्त चढ बघा

आता त्वरणाचा आलेख. या पायरीत वेग किती आहे, धन की ऋण, हे विसरून जा. फक्त रेषा किती तिरपी आहे ते बघायचं.

पहिल्या तुकड्यात २ सेकंदांत वेग ४ ने वाढला, म्हणून चढ ४ ÷ २ = २. मधल्या आलेखात ० पासून २ सेकंदांपर्यंत +२ उंचीवर आडवी रेषा. दुसऱ्या तुकड्यात रेषा आडवी, चढ शून्य, म्हणून २ ते ५ सेकंद त्वरणाची रेषा अक्षावरच. तिसऱ्या तुकड्यात ३ सेकंदांत वेग ४ वरून −२ वर आला, म्हणजे ६ ने घटला. चढ −६ ÷ ३ = −२. म्हणून ५ पासून ८ सेकंदांपर्यंत −२ वर आडवी रेषा.

ती रेषा ७ व्या सेकंदावरून न थांबता, न तुटता पुढे जाते. बहुतेक चुका इथेच होतात. वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य झालं, असं वाटून मुलं ७ वर त्वरणाची रेषा अक्षाला टेकवतात. त्या क्षणी मैदानावर काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा. फील्डर चेंडूपाशी पोचला आहे, पाय रोवून शरीर मागे ओढतो आहे. क्षणभर त्याचा वेग शून्य आहे, पण बुटांखालची माती त्याला मैदानाच्या मध्याकडे ढकलतेच आहे. ती ढकलत नसती तर वेग शून्यावरच राहिला असता आणि तो तिथेच उभा राहिला असता. वेग ऋण होतोय याचाच अर्थ त्वरण अजून चालू आहे.

दुसरा सापळा ऋण त्वरणाचा. “त्वरण ऋण म्हणजे गती कमी होतेय” हे वाक्य डोक्यातून काढून टाका. ५ ते ७ सेकंदांत वेग धन आणि त्वरण ऋण, म्हणून फील्डर मंदावतो. ७ ते ८ मध्ये वेगही ऋण आणि त्वरणही ऋण, म्हणून तो मागच्या दिशेने जोर धरतो. त्वरण दोन्हीकडे तेच, −२. चिन्हं सारखी असतील तर चाल वाढते, वेगळी असतील तर घटते.

४. वक्र तुकड्याचं त्वरण: स्पर्शिका काढा

८ ते १२ सेकंदांत एकच चढ नाही, प्रत्येक क्षणी वेगळा आहे. म्हणून तीन-चार ठिकाणी स्पर्शिका काढून चढ मोजायचा.

१० व्या सेकंदाचं उदाहरण घेऊ. तिथे वेग −०.५ आहे. पारदर्शक पट्टी त्या बिंदूवर टेकवा आणि हळूहळू फिरवा. वक्र बिंदूच्या दोन्ही बाजूंना पट्टीच्या कडेपासून सारखाच दूर जाताना दिसला की थांबा. रेषा आखा, आणि ती लांब आखा. नीट जमली असेल तर ती ११ सेकंदांवर काळाच्या अक्षाला छेदेल, आणि डावीकडे ८ सेकंदांवर −१.५ वर पोचेल. म्हणजे ३ सेकंदांत १.५ चा बदल. चढ १.५ ÷ ३ = ०.५ मी/से². लांब रेषा यासाठी, की छोट्या त्रिकोणात एका मिलिमीटरची चूकही उत्तर बिघडवते. मोठ्या त्रिकोणात तेवढीच चूक फारशी जाणवत नाही.

याच पद्धतीने ८ व्या सेकंदाला वक्राच्या बाजूने स्पर्शिका काढा. ती १० वर अक्षाला भेटते, २ सेकंदांत २ चा बदल, म्हणून चढ १. १२ व्या सेकंदाला वक्र अक्षाला टेकून आडवा झालेला आहे, चढ ०. मधल्या आलेखात ८ ला +१, १० ला +०.५, १२ ला ० असे बिंदू ठेवा. ते एका सरळ उतरत्या रेषेवर येतात. आपला वक्र पॅराबोला आहे म्हणून असं झालं. दुसऱ्या प्रकारचा वक्र असेल तर त्वरणाची रेषाही वाकडी येईल. आकडे न देता फक्त आकृती दिली असेल, तर “त्वरण धन आहे आणि घटत घटत शून्याकडे जातं” एवढंच दाखवा. उतार सरळ की वाकडा, हे तेवढ्या माहितीवरून ठरत नाही.

इथे वेग ऋण आहे आणि त्वरण धन. वक्र अक्षाखाली असला तरी तो वर चढतोय, म्हणून चढ धनच. “अक्षाखाली आहे म्हणजे त्वरण ऋण” असं लिहिणारी मुलं वेगाचं चिन्ह त्वरणाला लावत असतात.

आता ८ व्या सेकंदाकडे बघा. त्याच्या डावीकडे त्वरण −२ होतं, उजवीकडे +१ आहे. म्हणजे त्वरणाच्या आलेखात उडी आहे. वेगाच्या आलेखात कोपरा असेल तिथे त्वरणात उडी येणारच. ती ठळक उभ्या रेषेने जोडू नका. नाहीतर त्याच एका क्षणी त्वरण −२ पासून +१ पर्यंत सगळ्या किमती घेतं असा अर्थ होईल. डाव्या तुकड्याच्या टोकाला आणि उजव्या तुकड्याच्या सुरुवातीला पोकळ गोल काढून मोकळं सोडा, किंवा फिकट तुटक रेषा चालेल. खऱ्या फील्डरच्या वेगात इतका तीक्ष्ण कोपरा नसतो, तो थोडा गोलसर असतो आणि त्वरण भरभर पण सलग बदलतं. कोपरा ही आपण गणितासाठी केलेली सोय आहे. वेगाच्या आलेखात उभी भिंत मात्र कधीच चालत नाही. तिचा अर्थ अनंत त्वरण होतो.

५. स्थानाचा आलेख, पहिला भाग: क्षेत्रफळ मोजून बिंदू ठेवा

आता चढ विसरा आणि क्षेत्रफळ बघा. आपण निवडलेल्या प्रमाणामुळे वेगाच्या आलेखातला १ सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे १ मी/से × १ सेकंद, म्हणजे थेट १ मीटर. अक्षाच्या वरचे चौकोन मिळवायचे, खालचे वजा करायचे.

० ते २ सेकंद हा त्रिकोण आहे: ½ × २ × ४ = ४ मीटर. २ ते ५ हा आयत: ३ × ४ = १२. ५ ते ७ पुन्हा त्रिकोण: ½ × २ × ४ = ४. ७ ते ८ हा अक्षाखालचा छोटा त्रिकोण: ½ × १ × २ = १, म्हणून −१.

वक्राखालचं क्षेत्रफळ सूत्राने काढण्याआधी अंदाज बांधा. ८ ते १२ मध्ये दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडली, तर त्रिकोणाचं क्षेत्रफळ ½ × ४ × २ = ४ येतं. आपला वक्र त्या रेषेपेक्षा अक्षाच्या जवळ आहे, म्हणून उत्तर ४ पेक्षा कमीच आलं पाहिजे. आता एकेका सेकंदाच्या पट्ट्या पाडा आणि प्रत्येक पट्टी समलंब चौकोन धरा. साधारण १.५६, ०.८१, ०.३१ आणि ०.०६, बेरीज २.७५. नेमकं उत्तर २.६७ आहे, कारण अशा पॅराबोलाखालचं क्षेत्रफळ भोवतीच्या आयताच्या एक तृतीयांश असतं, म्हणजे ८ ÷ ३. समलंब चौकोनाची तिरपी बाजू वक्रापेक्षा अक्षापासून किंचित दूर राहते, म्हणून पट्ट्यांचं उत्तर थोडं जास्त आलं. हाताने काढायच्या आलेखाला एवढी अचूकता पुरते.

आता बेरीज करत जा:

| काळ (सेकंद) | या तुकड्यातला बदल (मीटर) | स्थान (मीटर) |
|---|---|---|
| ० | – | ० |
| २ | +४ | ४ |
| ५ | +१२ | १६ |
| ७ | +४ | २० |
| ८ | −१ | १९ |
| १२ | −२.६७ | सुमारे १६.३ |

हे सहा बिंदू तिसऱ्या आलेखात ठेवा. ते अजून जोडू नका.

६. स्थानाचा आलेख, दुसरा भाग: बिंदू कसे जोडायचे

बिंदू बरोबर ठेवूनही ते पट्टीने सरळ जोडून टाकले की आलेख चुकतो. दोन बिंदूंमधला आकार दोन प्रश्नांनी ठरतो. पहिला, त्या क्षणी वेग किती? तेवढा या आलेखाचा चढ. दुसरा, त्वरण धन की ऋण? धन असेल तर वक्र वरच्या बाजूला वळतो, वाटीसारखा. ऋण असेल तर खाली वळतो, पालथ्या वाटीसारखा. शून्य असेल तर सरळ रेषा. म्हणूनच त्वरणाचा आलेख आधी काढून घेतला.

० ते २: वेग शून्यापासून सुरू होतो, म्हणून आलेख अगदी आडवा निघतो आणि उभा होत जातो. १ सेकंदाला स्थान १ मीटर, २ ला ४. मधला बिंदू ठेवला की आकार हातात येतो.

२ ते ५: त्वरण शून्य, म्हणून ४ मीटरपासून १६ मीटरपर्यंत सरळ रेषा. ती आधीच्या वक्राला कोपरा न होता जुळली पाहिजे, कारण २ व्या सेकंदाला वेग दोन्ही बाजूंनी ४ च आहे. स्थानाच्या आलेखात कोपरा दिसला, तर वेगात उडी मारल्यासारखं होतं, आणि आपल्या वेगात कुठेही उडी नाही. अख्ख्या आलेखात कुठेही कोपरा आला तर तिथे खोडरबर चालवा.

५ ते ८: हा एकच अखंड वक्र आहे, पालथ्या वाटीसारखा. ६ ला स्थान १९ मीटर, ७ ला २०, ८ ला पुन्हा १९. ७ व्या सेकंदाला शिखर येतं आणि तिथे आलेख क्षणभर आडवा असतो. ६ आणि ८ चे बिंदू सारख्या उंचीवर आले, कारण शिखराच्या दोन्ही बाजूंना त्वरण तेच −२ आहे. हातात बसलेली सगळ्यात घट्ट चूक इथली आहे. ५ व्या सेकंदाला वेग उतरायला लागतो, म्हणून मुलं स्थानही ५ पासूनच खाली उतरवतात. वेग उतरतोय, पण अजून धन आहे. फील्डर सीमारेषेकडेच जातोय, फक्त हळू. स्थान ७ पर्यंत वाढतच राहतं, आणि वेग अक्षाखाली गेल्यावरच ते उतरू लागतं.

८ ते १२: त्वरण धन झालं, म्हणून वक्राची बाक उलटते. ८ व्या सेकंदापर्यंत पालथी वाटी, तिथून पुढे सुलटी. इथे आलेख खाली जाताना सगळ्यात तिरपा असतो, चढ −२. मग तो हळूहळू सपाट होत १६.३ वर आडवा होऊन थांबतो. मध्ये १० सेकंदांना स्थान साधारण १६.७ मीटर येतं, तो बिंदू ठेवा. बाक बदलण्याची ही जागा नीट दिसायला हवी. नुसता एकच गोलाकार उतार काढला, तर ८ व्या सेकंदाची त्वरणातली उडी पुसली जाते.

७. उलटं वाचून तपासा

काढलेले आलेख बरोबर आहेत की नाही, हे उत्तरसूची न बघता कळतं. त्वरणाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजा. ० ते २ मध्ये ४, ५ ते ८ मध्ये −६, ८ ते १२ च्या त्रिकोणात ½ × ४ × १ = २. बेरीज शून्य. फील्डर थांबलेला होता आणि शेवटीही थांबला, म्हणजे वेगातला एकूण बदल शून्यच हवा. स्पर्शिका चुकली असती तर हा हिशेब जमला नसता.

स्थानाच्या आलेखाचा चढही बघा. ३ आणि ४ सेकंदांच्या बिंदूंमध्ये तो ४ येतो का? ७ ला पट्टी आडवी बसते का? ८ वर स्पर्शिका काढली तर ती एका सेकंदात २ मीटर खाली जाते का?

८. दोन गोष्टी प्रश्न वाचताना बघायच्या

प्रश्नात “विस्थापन” आहे की “अंतर”, हे दोनदा वाचा. विस्थापन १६.३ मीटर आहे, तेच स्थानाच्या आलेखातलं शेवटचं वाचन. फील्डर प्रत्यक्ष धावला ते अंतर मात्र २० + १ + २.६७, म्हणजे सुमारे २३.७ मीटर. अंतरासाठी अक्षाखालचे चौकोनही मिळवायचे असतात.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या स्थानाची. वेग-काल आलेखात स्थान किती *बदललं* एवढंच असतं, ते *कुठून* सुरू झालं हे नसतं. आपण निघण्याची जागा शून्य मानली. फील्डर पिचपासून १५ मीटरवर उभा होता आणि स्थान पिचपासून मोजायचं असेल, तर स्थानाचा अख्खा आलेख १५ मीटर वर सरकतो, शिखर ३५ वर जातं, आकार तोच राहतो. त्वरणाचा आलेख जराही हलत नाही. प्रश्नात सुरुवातीचं स्थान दिलं नसेल, तर “सुरुवातीचं स्थान शून्य मानलं आहे” असं आलेखाशेजारी लिहून ठेवा.